मराठी करारनामा सहीच्या आधी परत इंग्रजीत करून बघावा का?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या अटी बिल्डरशी इंग्रजीत ठरल्या, दोन्हीकडच्या वकिलांनी इंग्रजी ड्राफ्ट ओके केला. आता सभासदांच्या आग्रहामुळे रजिस्टर होणारा करारनामा मराठीत केलाय. एक जण म्हणतोय मराठी कलमं परत इंग्रजीत करून ताडून बघा. याने खरंच काही पकडलं जातं का? आणि करायचं कसं?

उत्तर:

पकडलं जातं, पण सगळं नाही, आणि कुठल्या प्रकारची चूक यातून निसटते ते आधीच माहीत असलेलं बरं. मी कायद्याच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, विकसन करारनामे नेहमी हातात येतात, त्यातलंच एक कलम घेऊन सांगते.

त्या सोसायटीत ४० सदनिका होत्या. इंग्रजीत ठरलेलं असं: सीसी म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून ३६ महिन्यांच्या आत विकासकाने ओसीसकट, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासकट, ताबा द्यायचा. उशीर झाला तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक सभासदाला महिन्याला २५,००० रुपये भाडं, आणि त्यावर वेगळी नुकसानभरपाई. हे पैसे घेतले म्हणून संस्थेचा करार संपवायचा हक्क जाणार नाही. आणि पूर, भूकंप असं काही झालं तर मुदत वाढेल, भाडं मात्र चालू राहील.

मराठीत छापून आलं ते असं:

"बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून ३६ महिन्यांच्या कालावधीत सदनिकांचा ताबा देण्यात येईल. विलंब झाल्यास सभासदांस दरमहा रु. २५,००० भाडे व नुकसानभरपाई देण्यात येईल व त्यायोगे संस्थेच्या करार समाप्तीच्या अधिकाराबाबत पूर्वग्रह राहणार नाही. अपरिहार्य परिस्थितीत सदर मुदत वाढविली जाईल व त्या काळात त्यांची जबाबदारी राहणार नाही."

कमिटीतल्या सगळ्यांनी हे वाचलं होतं आणि कुणालाच काही खटकलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही, कारण बोलणी त्यांनीच केलेली, काय ठरलंय ते डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे कागदावर नसलेलंसुद्धा त्यांना दिसतं. म्हणून उलट भाषांतर करणारा माणूस बाहेरचा लागतो. त्याने मूळ इंग्रजी ड्राफ्ट बघितलेला नको, मराठी ज्याने केलं तो तर नकोच नको, आणि त्याला कुणी फोनवर "आम्हाला असं म्हणायचंय" हेही सांगायचं नाही. फक्त मराठी कागद द्यायचा.

आणि एक सूचना लेखी द्यायची, कारण चांगला भाषांतरकार सवयीने वाक्य दुरुस्त करत जातो, अर्धवट वाक्याला कर्ता जोडतो, गोंधळ असेल तर बरा वाटणारा अर्थ निवडतो. एरवी तो त्याचा गुण आहे पण इथे त्यामुळे चूक झाकली जाते. त्याला सांगायचं की इंग्रजी ओबडधोबड झालं तरी चालेल, वाक्यात कर्ता नसेल तर तिथे रिकामी जागा सोड, आणि एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिही. नाहीतर गुळगुळीत इंग्रजी हातात येतं आणि सगळे खूश होतात.

त्या कलमाचं जे परत आलं त्यात पहिल्याच वाक्यात रिकामी जागा होती. ताबा "देण्यात येईल", पण देणार कोण? मराठी सरकारी वळणाच्या भाषेत हे "करण्यात येईल, देण्यात येईल" इतकं अंगवळणी पडलंय की कर्ता गायब झाल्याचं कळतसुद्धा नाही. पूर्ण करार वाचला तर विकासकच देणार हे कुणीही सांगेल, पण जबाबदारी कुणाची यावर वाद झाला तर "सांगता येईल" यावर कशाला राहायचं. दुसरं, भोगवटा प्रमाणपत्राचा शब्दच परत आला नाही, म्हणजे मराठीत तो गळलाय. ही चूक या पद्धतीत सगळ्यात लवकर सापडते, आणि हिचा अर्थ असा की ओसी नसलेल्या, नुसत्या बांधून झालेल्या इमारतीची किल्ली हातात ठेवली तरी कलमाप्रमाणे ताबा दिला असं बिल्डर म्हणू शकला असता आणि भाडं त्याच दिवशी बंद.

तिसरं पैशाचं. "सभासदांस दरमहा २५,०००" हे इंग्रजीत "टू द मेंबर्स" असं अनेकवचनात आलं, "ईच" कुठेच नाही. मूळ अटीप्रमाणे ४० सदनिकांचे महिन्याला १० लाख होतात, आणि या वाक्याचा कुणी हट्टाने शब्दशः अर्थ लावला तर सगळ्यांना मिळून २५ हजार. कोर्टात असा अर्थ टिकेल असं मला वाटत नाही, पण "प्रत्येक" हा एक शब्द घातला की तो वादच होत नाही. शिवाय "भाडे व नुकसानभरपाई" दोन्ही त्याच एका आकड्यात बसलेत, वेगळी भरपाई ठरली होती ती त्यात विरघळून गेली.

चौथं "त्यांची जबाबदारी". इथे भाषांतर करणाऱ्याने दोन अर्थ लिहून दिले, एक संस्थेची, एक विकासकाची. विकासकाची धरली तर पूर आला की भाडं थांबलं, म्हणजे जे ठरलं होतं त्याच्या बरोब्बर उलट. करारात त्यांनी, त्यांचे, सदर, उपरोक्त हे शब्द दिसले की मी पेन्सिलने गोल करते आणि तिथे सरळ पक्षाचं नाव घालायला सांगते. वाक्य वाचायला जड होतं, होऊ दे.

आता निसटणारी चूक. "पूर्वग्रह राहणार नाही" हे इंग्रजीत काय होऊन आलं? "विदाउट प्रेज्युडिस टू द राइट ऑफ टर्मिनेशन". अगदी मूळ ड्राफ्टसारखं, शब्दाला शब्द! ताडून बघणाऱ्याने तिथे बरोबरची खूण केली आणि पुढे गेला. पण कायद्याच्या इंग्रजीत त्याचा अर्थ हक्काला बाधा न येता असा आहे, आणि मराठी वाचणाऱ्याला पूर्वग्रह म्हणजे मनात धरलेली अढी. भाषांतरकाराने डिक्शनरीतला पहिला शब्द उचलला, उलट करणाऱ्याने तोच परत ठेवला, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. मराठी मात्र निरर्थकच राहिलं, आणि सही होणार ती मराठीवर. म्हणजे परत आलेलं इंग्रजी मूळ ड्राफ्टशी जितकं जास्त जुळेल तितकं निश्चिंत व्हायचं असं नाही, कायद्याचे ठरीव वाक्प्रचार जसेच्या तसे परत आले तर मराठी शब्द तिथे मुद्दाम वेगळा तपासायचा.

हे पकडायला दुसरी चाचणी लागते आणि ती साधी आहे. बोलण्यांत नसलेल्या, मराठीतच वाचणाऱ्या एखाद्या सभासदाला कलम द्यायचं आणि प्रसंग विचारायचे. ३६ महिने झाले, इमारत उभी आहे पण ओसी नाही, तुम्हाला भाडं मिळणार का? तुम्ही सहा महिने उशिराचं भाडं घेतलंत, आता संस्थेला करार संपवता येईल का? उत्तर देताना कलमातल्या कुठल्या शब्दावर बोट ठेवताय तेही दाखवायला सांगायचं. वरच्या कलमावर दुसरा प्रश्न विचारला तेव्हा एका काकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यात तसं काही लिहिलेलं दिसत नाही." तिथेच कळलं.

ताडताना शब्दाला शब्द लावत बसू नका. प्रत्येक वाक्यातून कोण, कुणाला, काय, किती, कधीपर्यंत आणि कुठल्या अटीवर एवढंच दोन्ही इंग्रजीतून काढून शेजारी शेजारी लिहा. नाहीतर खोटे अलार्म खूप वाजतात. उदाहरणार्थ मूळात "शॅल" होतं आणि परत "विल" आलं म्हणून लोक घाबरतात, पण मराठीत "देईल" हे एकच रूप दोन्हीला चालतं, तिथे अर्थ सरकलेला नाही. बंधन ठळक हवं असेल तर "देण्यास बांधील राहील" करा. उलट "देईल" चं "देऊ शकेल" झालं असेल तर तो खरा धोका. क्षेत्रफळाच्या कलमातही जरा थांबा, चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया आणि चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, मराठीत एक शब्द पडला की भलताच हिशोब होतो.

अख्ख्या कराराला हे करायची गरज नाही, खर्चही वाढतो. पैसे, मुदत, क्षेत्रफळ, बँक गॅरंटी, करार संपवणे आणि मुदतवाढ एवढी कलमं करा, आणि त्या कलमांतल्या शब्दांची व्याख्या करारात दिली असेल तर ती व्याख्यासुद्धा, कारण "ताबा" ची व्याख्याच चुकली असेल तर कलम बरोबर असून उपयोग नाही.

दुरुस्ती करताना इंग्रजीकडे बघून शब्द बदलू नका, वकिलांना मराठीतच नव्याने लिहायला सांगा. वरचं कलम शेवटी साधारण असं झालं: "विकासक भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा ३६ महिन्यांच्या आत देण्यास बांधील राहील. विलंब झाल्यास ताबा देईपर्यंत विकासक प्रत्येक सभासदास दरमहा रु. २५,००० भाडे देईल आणि त्याव्यतिरिक्त नुकसानभरपाई स्वतंत्रपणे देईल. भाडे किंवा नुकसानभरपाई स्वीकारल्यामुळे संस्थेचा करार समाप्त करण्याचा अधिकार बाधित होणार नाही. अपरिहार्य परिस्थितीत मुदत वाढली तरी विकासकाची भाडे देण्याची जबाबदारी चालू राहील." भरपाईचा आकडा परिशिष्टात होता म्हणून इथे नाहीये, तुमच्याकडे नसेल तर कलमातच घाला. ३६ महिने कधीपासून मोजायचे तो भाग तसाच ठेवला, फक्त सीसी कुठल्या टप्प्यापर्यंतची हे जोडलं, कारण सीसी बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळते.

इंग्रजी ड्राफ्ट आपल्याकडे आहे ना, मग काय काळजी, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की सही झालेल्या कागदाच्या विरोधात "आमचं तोंडी किंवा ड्राफ्टमध्ये असं ठरलं होतं" हे कोर्टात सहजासहजी ऐकून घेतलं जात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्याच अशी आहे की दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिलेली हवी, पण तुमचा अर्थ वेगळा होता हे नंतर सिद्ध करत बसणं फार महागात पडतं. इंग्रजी प्रतही सोबत जोडणार असाल तर दोन्हीत फरक निघाल्यास कुठली ग्राह्य धरायची ते एक कलम घालून आत्ताच लिहून घ्या, आणि इंग्रजी ग्राह्य असं ठरलं तर ते सर्वसाधारण सभेत सगळ्यांना स्पष्ट सांगा, कारण बरेच जण फक्त मराठी वाचून हो म्हणणार आहेत.

आणि हे सगळं स्टॅम्प पेपरवर जाणाऱ्या फायनल प्रिंटवर करा. आधीच्या ड्राफ्टवर तपासणी झाली आणि मग आदल्या रात्री दोन ओळी बदलल्या, असं होतं. बदल झालाच तर निदान बदललेलं कलम पुन्हा त्याच बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, पानाभराचं काम आहे, एका दिवसात होतं.