इन्फोग्राफिकमधले आकडे शब्दांत जोडायचे कसे?

प्रश्न: मुलीला गोव्याच्या 2011 च्या जनगणनेवरचं इन्फोग्राफिक शब्दांत लिहायचंय. इमारतींपुढे 62.17%, पुस्तकापुढे 88.70%, स्त्री-पुरुषांपुढे 973. नुसते आकडे लिहिले तर यादी वाटते. जोडायचे कसे?

उत्तर: विषय एकच ठेवून जोडा, कारण लावून नको. ‘शहरीकरणामुळे साक्षरता वाढली’ हे वाक्य वाचायला छान, पण त्यातल्या दोन गोष्टी चित्रात नाहीत. ‘मुळे’ म्हणायला चित्रात आधार नाही. ‘वाढली’ म्हणायला 2001 चा आकडा हवा, तो नाही. ‘पण’ आणि ‘तरीही’ हेही असेच चोरपावलांनी येतात: ‘साक्षरता 88.70%, तरीही लिंग-गुणोत्तर 973’ म्हटलं की एकाचा दुसऱ्याशी संबंध असायला हवा होता, असं आपणच ठरवून टाकतो.

मी असं लिहीन: ‘2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची 62.17% लोकसंख्या शहरी होती. साक्षरतेचं प्रमाण 88.70%, तर दर हजार पुरुषांमागे 973 स्त्रिया होत्या.’ इथला ‘तर’ नुसता पुढच्या आकड्याकडे नेतो.

टक्का कशाचा, हे मात्र चित्राच्या तळटीपेत बघाच. जनगणनेत साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांचीच मोजतात. म्हणून ‘दर शंभर गोंयकारांत जवळपास 89 साक्षर’ हे चुकीचं, कारण त्यात पाळण्यातलं बाळही आलं.

लिहून झालं की प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून तिला विचारा, हे चित्रात कुठे दिसतं? पुस्तकाच्या चित्रावरून ‘शाळा भरपूर आहेत’ असं लिहिलं असेल तर ते तिथेच सापडेल.