माता-मृत्यूचा निर्देशक गावपातळीवर कसा निवडावा

२०३० पर्यंत माता-मृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ७० पेक्षा खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. पण तोच आकडा तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा निर्देशक करू नका. यवतमाळकडील ३०,००० वस्तीच्या केंद्रात हजारी १५ जन्म धरले, तर वर्षाला साधारण ४५० बाळंतपणे होतात. एक मृत्यू झाला की प्रमाण २२२, पुढच्या वर्षी शून्य; काम मात्र तेच. असा आकडा देशासाठी योग्य, केंद्रासाठी नव्हे. प्रत्येक मृत्यूची चौकशी अर्थातच करावी.

त्याऐवजी, मृत्यूच्या कारणाशी जोडलेला, वारंवार घडणारा आणि तुमच्या कामाने काही महिन्यांत हलणारा निर्देशक घ्या: हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली आढळलेल्या गरोदर स्त्रियांपैकी किती जणींना उपचार मिळाले. मात्र तपासणीच कमी झाली तर हा आकडा उगाच चांगला दिसतो, म्हणून तपासलेल्यांचे प्रमाणही सोबत ठेवा.

छेदाकडे नीट पाहा. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते. तिचे बाळंतपण अंशात धरले आणि नोंदणी सासरच्या गावी राहिली, तर नोंदणी झालेल्या गरोदर स्त्रियांमागे बाळंतपणांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकते. असे दिसले की आधी नोंदवही तपासावी.