चौदा वर्षांचं अंतर आणि शेवटचा शब्द

"मॅडम, मी २८ ची, तो ४२ चा. घरचे म्हणतात, आज गोड वाटतंय, पण पन्नाशीला आलीस की त्याची औषधं मोजत बसशील. सोसायटीतल्या बायका म्हणतात, पैसा बघून भुलली. एवढं अंतर असलं तर संसार टिकतो का? आणि त्याच्यापुढे माझं काही चालेल का?"

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे प्रश्न थोड्याफार फरकाने इतक्या जणींनी विचारलेत की आता एकीच्या निमित्ताने सविस्तर लिहावं म्हटलं. ही मेघना, आणि तो अजित. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीतून पीएच.डी. करायची इच्छा. त्याचं मकरपुऱ्याला जीआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. वडील लवकर गेले, दोन बहिणींची लग्नं केली, त्यात स्वतःचं राहून गेलं.

पहिल्यांदा मेघना आई-बाबांना घेऊन आली. बाबा गप्प होते. आई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं कधी झालं नाही हो." मला जरा हसूच आलं. आपल्या घराण्यांच्या वंशावळी काढून बघा. न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई यांच्यात वीस वर्षांचं अंतर होतं. १८७३ साली लग्न झालं तेव्हा ते ३१ चे आणि त्या ११ च्या. लोकांनी रानड्यांना नावं ठेवली ती सुधारक असून विधवेशी लग्न केलं नाही म्हणून. वीस वर्षांबद्दल फारसं कोणी बोललं नाही. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, तेव्हा मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरलं अवघं १२. म्हणजे समाजाला अंतर खुपतं ते नेहमी त्या काळच्या रिवाजाच्या मापाने. आज देशात नवरा सरासरी पाचेक वर्षांनी मोठा असतो, म्हणून पाच डोळ्यांत येत नाहीत आणि चौदा येतात.

पण आजच्या नापसंतीमागे आणखी एक कारण आहे, आणि ते सोसायटीतल्या बायकांनी अचूक बोलून दाखवलं होतं. अमेरिकेत कॉलिसन आणि डी लिऑन या संशोधकांनी अशा जोड्यांबद्दलचा आकस तपासला. लोकांना नुसत्या वयापेक्षा सौदा जास्त खटकतो: दोघांपैकी मोठ्याला जास्त मिळतंय आणि धाकट्याची फसगत होतेय, असं वाटलं की नापसंती वाढते. मला हे पटतं, कारण मी स्वतः नात्याकडे देवाणघेवाण म्हणूनच बघते. काही सहकाऱ्यांना ते रुक्ष वाटतं. वाटू दे. लोक बाहेरून हिशेब मांडतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या रकान्यात मांडतात. खरा हिशेब आत बसून मांडता येतो.

पुढच्या वेळी दोघांनाच बोलावलं. अजित तयारीनिशी आला होता. "मॅडम, मी नेटवर वाचलं. निम्मं वय अधिक सात, असा नियम आहे. माझं निम्मं २१, अधिक ७, म्हणजे बरोबर २८!" मी म्हटलं, हा नियम शंभरेक वर्षांपूर्वी पुरुषांना आदर्श बायकोचं वय सांगण्यासाठी पाश्चात्त्यांकडे वापरला जायचा. 'याहून लहान नको' ही मर्यादा त्याला नंतर चिकटली. त्यावर संसार तोलू नका.

मग संशोधनाचं जे मला ठाऊक आहे ते सांगितलं. ली आणि मॅकिनिश या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या जोडप्यांची तेरा वर्षांची माहिती तपासून २०१८ साली निष्कर्ष मांडले. लग्नाच्या सुरुवातीला धाकटी बायको असलेले नवरे जास्त समाधानी होते, आणि गंमत म्हणजे धाकटा नवरा असलेल्या बायकाही. पण अंतर असलेल्या जोडप्यांचं समाधान समवयस्कांपेक्षा वेगाने उतरलं आणि सहा ते दहा वर्षांत ही सुरुवातीची आघाडी पुसली गेली. कारण शोधताना त्यांना दिसलं की पैशाचा फटका बसला की अशी जोडपी जास्त डळमळतात. दुसरीकडे, अमेरिकेत लेमिलर आणि ॲग्न्यू यांच्या अभ्यासात नवऱ्यापेक्षा किंवा जोडीदारापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या बायका इतरांहून अधिक समाधानी निघाल्या. त्याच दोघांना असंही आढळलं की आपल्या नात्याला घरच्यांची, समाजाची मान्यता नाही असं ज्यांना वाटतं, त्यांची नाती तुटण्याची शक्यता जास्त. हे सगळे अभ्यास परदेशातले, बहुतेक प्रेमात पडून एकत्र आलेल्यांचे. आपल्याकडे सासू-सासरे, नणंदा आणि भावकी धरून संसार होतो, म्हणून मी त्यांतून आकडा उचलत नाही, दिशा उचलते. आकडे सरासरीचे असतात. समोरच्या दोघांचं काय, ते त्यांनाच विचारावं लागतं.

आणि विचारण्याची माझी एक आवडती रीत आहे. १९६० साली ब्लड आणि वुल्फ यांनी डेट्रॉइटमधल्या बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. 'शेवटचा शब्द कोणाचा?' हे त्यांनी आठ बाबतींत विचारलं होतं: नवऱ्याची नोकरी, गाडी, विमा, सुट्टी, घर, बायकोने नोकरी करावी का, डॉक्टर कोणता, खाण्यापिण्यावर खर्च किती. मी हेच आठ मराठीत करून दोन वेगळ्या कागदांवर देते. एकमेकांचं बघायचं नाही, बोलायचं नाही. दहा मिनिटं.

अजितच्या आणि मेघनाच्या कागदावर पाच ठिकाणी एकच उत्तर होतं: तो. फ्लॅट अलकापुरीत की मांजलपूरला, हे त्याने ठरवलं होतं. गाडी, विमा, तेही. मेघनाला यात वावगं दिसत नव्हतं. "त्याला जास्त कळतं ना. तो म्हणतो, मी यातून गेलोय." मी विचारलं, "आणि तू यातून गेली नाहीस म्हणून तुझं मत मोजायचं नाही, असं ठरलंय का?" ती थांबली. हे वाक्य मी अशा जोड्यांकडून फार ऐकते. त्यात दमदाटी काही नसते, उलट मायाच असते; पण अनुभव हे असं कारण आहे की धाकट्याकडे त्याला उत्तर नसतं. तो कधी त्या वयाला पोचेल तेव्हा समोरचा आणखी चौदा वर्षं पुढे गेलेला असतो.

पण खरी गाठ सहाव्या ओळीत सापडली. बायकोचं काम, शिक्षण. मेघनाने लिहिलं होतं 'मी'. अजितने ती जागा कोरी सोडली होती.

"इथे काही लिहिलं नाहीत?"

तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. मग म्हणाला, "तिला पीएच.डी. करायची. चार-पाच वर्षं जातील. मी सत्तेचाळीसचा होईन. मूल हवंय असं आत्ता म्हटलं, तर तिला वाटेल म्हाताऱ्याला घाई झालीय. न बोललेलं बरं."

मेघना चिडलीच. "फ्लॅट मला न विचारता ठरवतोस आणि हे मात्र पोटात ठेवतोस?"

"फ्लॅटवरून तू मला सोडून गेली नसतीस," तो म्हणाला.

अशी वाक्यं उगाच येत नाहीत. खोलीत तेवढी जागा करून ठेवावी लागते, आणि ती करता येते याचा मला आनंद आहे. विलार्ड वॉलर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली एक सूत्र मांडलं: नातं टिकवण्याची ज्याला गरज कमी, त्याच्या हातात सत्ता जास्त. सोसायटी पैसेवाल्या अजितला बलवान समजत होती. प्रत्यक्षात पैशाचे निर्णय त्याचे होते, पण आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय तो घाबरून मागतही नव्हता. मेघनाला स्वतःकडे एवढी ताकद आहे हे माहीत नव्हतं, आणि जी माहीत नसते ती नीट वापरताही येत नाही. अशा घरात पुढे दोघेही म्हणतात, 'माझं इथे काही चालत नाही', आणि दोघेही खरं बोलत असतात.

त्यानंतर आम्ही वर्षं मांडली. मूल दोन वर्षांनी झालं, तर त्याच्या अठराव्या वर्षी अजित ६२ चा, मेघना ४८ ची. पाच वर्षांनी झालं तर अजित ६५ चा. पुरुषाची प्रजननक्षमताही चाळिशीनंतर हळूहळू उतरते, तेव्हा दोघांनी डॉक्टरांना आत्ताच भेटा म्हटलं. ती म्हणाली, प्रवेश मिळून कोर्सवर्क आटपलं की मग बघू; तो म्हणाला, म्हणजे दीड वर्ष, चालेल. तारखेवर बोलणं पहिल्यांदाच झालं होतं.

पैशाचं मी जास्त लावून धरलं, कारण फटका बसतो तो तिथेच. अशा जोडप्यांना दोन गोष्टी मी सांगतेच. आरोग्य विम्याची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घेतली की हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्याच्या वयावर ठरतो. तेव्हा अंतर मोठं असेल तर दोघांच्या वेगळ्या पॉलिसींचे भाव एकदा मागवून बघा. दुसरं, अजितसारखा धंदेवाला असेल तर त्याचा टर्म इन्शुरन्स १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. तसं प्रपोजलच्या वेळीच लिहून द्यावं लागतं. मग ती रक्कम बायको-मुलांची ठरते आणि धंद्याला कर्ज देणारे त्यावर सहसा हात घालू शकत नाहीत. अजितला हे ठाऊक नव्हतं. मेघनाने तिथेच त्याच्या मोबाईलवर टिपून घेतलं, आणि वर्कशॉपचं कर्ज किती आहे तेही पहिल्यांदा विचारलं. आकडा ऐकून ती गप्प झाली, पण पळाली नाही.

मेघनाची आई अजून नाराज आहेत. बाबा मात्र एकटे येऊन गेले. "तो आजारी पडला तर?" मी म्हटलं, "समवयस्क जावयाचीही हमी मी देऊ शकत नाही. इथे निदान दोघांनी बसून हिशेब केलाय." ते म्हणाले, कर्जाचा आकडा मलाही सांगायला सांगा. सांगितला गेला.

एक मात्र स्पष्ट लिहिते, कारण ही हकीगत वाचून कोणी मला पुरावा म्हणून दाखवेल. मेघना अजितला भेटली तेव्हा २६ ची, स्वतः कमावती, भाड्याच्या घरात मैत्रिणीबरोबर राहणारी होती. मुलगी अल्पवयीन असताना सुरू झालेलं, किंवा तो तिचा शिक्षक, गाईड किंवा साहेब असताना सुरू झालेलं नातं माझ्याकडे आलं, तर आठ ओळींचा कागद मी काढत नाही. पहिल्या प्रकारात कायदा आधी येतो. दुसऱ्यात मी तिला एकटीला बोलावते आणि एवढंच विचारते: उद्या नाही म्हणालीस, तर तुझे मार्क, तुझा पगार, तुझं राहण्याचं ठिकाण, यांतलं काय जाईल? लग्न ठरल्यावर 'नोकरी सोड, मी आहे ना' असं म्हणणारा आला तरी हाच प्रश्न. मेघनाला विचारला होता. ती म्हणाली, "काहीच जाणार नाही, मॅडम. फक्त तो जाईल." म्हणून तर पुढचं सगळं बोलता आलं.