स्कॉलरशिपचा हप्ता अडकला, युनिव्हर्सिटीला मेल काय लिहायचा?

"नमस्कार मॅडम, मी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं मास्टर्स करतेय, राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर. फी 24,000 पाउंड, त्यातले 12,000 ऑक्टोबरमध्ये आले, दुसरा हप्ता जानेवारीअखेर यायचा होता तो अजून नाही. भत्ता पण थकलाय म्हणून हॉस्टेलचं 1,950 पाउंड भाडं राहिलंय. आता फायनान्स ऑफिसचा मेल आलाय की 31 मार्चपर्यंत सगळे 13,950 भरा नाहीतर कोर्समधून नाव काढू. विभागात फोन केला की 'फाइल वर गेलीये' एवढंच सांगतात. मी एक मेल लिहून ठेवलाय की सरकार पैसे देत नाहीये, यात माझी चूक नाही, प्लीज थांबा. पाठवू का? बाबा म्हणतात शेत गहाण ठेवून भरून टाकू."

तो मेल आत्ता पाठवू नकोस, आणि बाबांनाही आठ दिवस थांबायला सांग.

"सरकार पैसे देत नाहीये" हे वाक्य तुझ्याच विरोधात जातं. फीचा करार तुझ्यात आणि युनिव्हर्सिटीत आहे, सरकार त्यात पार्टी नाही, आणि नोंदणीच्या वेळी आपण न वाचता टिक करतो त्या अटींमध्ये सहसा असं असतंच की स्पॉन्सरने पैसे दिले नाहीत तर रक्कम विद्यार्थ्याकडून वसूल होईल. म्हणजे तू लिहिलंस की सरकार देत नाही, तर त्यांनी वाचलं की स्पॉन्सर गेला, आता ही मुलगी देणेकरी. खरी गोष्ट वेगळी आहे ना, पैसे मंजूर आहेत, फक्त पोचलेले नाहीत. मंजूर झालेले पण उशीर झालेले पैसे आणि नाकारलेले पैसे यात त्यांच्यासाठी जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक कागदावर दाखवणं हेच या मेलचं काम आहे.

मेलच्या आधी एक गोष्ट तपास. पैसे कधीकधी निघालेले असतात, पण ट्रान्सफरमध्ये तुझा स्टुडंट आयडी लिहिलेला नसतो, मग ते युनिव्हर्सिटीच्या सस्पेन्स खात्यात बेवारस पडून राहतात आणि तुझ्या नावावर थकबाकी दिसत राहते. विभागाला सरळ विचार, बिल बँकेत गेलं का, गेलं असेल तर पैसे परदेशी पाठवल्याची बँकेची पावती, म्हणजे स्विफ्ट कॉपी, द्या. ती मिळाली की फायनान्स ऑफिस त्यावरून पैसे शोधू शकतं. बिल गेलंच नसेल तर कशावर अडलंय ते विचार, कारण दुसऱ्या हप्त्याला युनिव्हर्सिटीचं ताजं इनव्हॉइस, बँकेचा तपशील किंवा प्रगतीचा दाखला राहिलेला असणं हे नेहमीचं कारण, आणि ते कागद मिळणार त्याच ऑफिसकडून ज्याला तू मेल लिहितेयस.

आता मेल. इंग्रजीत लिहिशीलच, आशय असा ठेव:

"माझा स्टुडंट आयडी अमुक. माझी फी राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीतून आहे, मंजुरीचा आदेश अमुक क्रमांकाचा, अमुक तारखेचा, सोबत जोडला आहे. याच आदेशाखाली पहिला हप्ता 12,000 पाउंड तुम्हाला ऑक्टोबरमध्ये मिळाला आहे. दुसरा हप्ता प्रक्रियेत आहे, विभागाशी झालेला पत्रव्यवहार सोबत आहे. विनंती अशी की 1) 30 एप्रिलपर्यंत कोर्समधून नाव काढणं आणि इतर निर्बंध थांबवावेत, 2) विभागाच्या नावाने थकीत रकमेचं पत्र आणि बँक तपशील द्यावा, 3) ट्यूशन फी आणि भाडं यांचा हिशेब वेगवेगळा द्यावा. 31 मार्चच्या आत लेखी उत्तर मिळावं."

माफी नको, रडगाणं नको. प्रत नुसत्या फायनान्सला नको, स्टुडंट सपोर्ट आणि व्हिसा बघणारी टीम दोघांना सीसी कर, कारण नाव काढलं तर पुढचं सगळं व्हिसावर येतं. नाव काढल्यावर युनिव्हर्सिटीला 10 कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवावंच लागतं, मग व्हिसा कमी होतो आणि साधारण 60 दिवस हातात उरतात. नाव काढायच्या आधी थांबवणं सोपं, नंतर परत घ्यायला लावणं फार अवघड. (आणि पैशासाठी आठवड्याला 20 तासांच्या वर काम करू नकोस, एक आठवडासुद्धा नाही, तो व्हिसाचा भंग होतो आणि मग आपली सगळी बाजूच लंगडी पडते.)

तिसरी विनंती मी मुद्दाम घातली. त्यांनी 12,000 आणि 1,950 एकत्र करून एकच धमकी दिलीये, आणि ते कच्चं आहे. फी थकली तर शिक्षणावर निर्बंध घालता येतात, पण भाड्यासारख्या दुसऱ्या देण्यासाठी डिग्री अडवणं किंवा कोर्समधून काढणं ही अट तिथल्या 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टखाली अन्यायकारक ठरू शकते, ग्राहकांचं हित बघणाऱ्या त्यांच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटीनेही विद्यापीठांना याबद्दल बजावलेलं आहे. भाडं द्यायचंच आहे, पण त्यासाठी महिन्याचे हप्ते माग, ते तुझ्या आवाक्यातलं आहे.

फोनवर कोणी "ठीक आहे, थांबतो" म्हणालं तर त्याच दिवशी मेल टाक की आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे तुम्ही अमुक तारखेपर्यंत कारवाई करणार नाही. पुढे हाच पुरावा. नकार आला तर युनिव्हर्सिटीची अंतर्गत तक्रार लगेच कर, ती संपल्यावर कम्प्लिशन ऑफ प्रोसीजर्स लेटर मिळतं, त्यानंतर 12 महिन्यांच्या आत विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅड्ज्युडिकेटर या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं, एक पैसा लागत नाही. इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे हे, तू इंग्लंडमध्येच आहेस म्हणून लागू.

शेताचं. बाबांनी फी भरली आणि महिन्याभराने सरकारचा हप्ता पण आला, तर जास्तीचे पैसे युनिव्हर्सिटी सहसा ज्याच्याकडून आले त्यालाच परत करते, म्हणजे सरकारचे सरकारकडे. मग विभाग म्हणणार फी तर भरलेली आहे, आम्ही कशाला देऊ, आणि शेत गहाणच राहणार. अगदीच वेळ आली तर आधी दोन लेखी उत्तरं घे: विभागाकडून, की स्वतः भरलेली फी परत मिळेल का, आणि युनिव्हर्सिटीकडून, की नंतर आलेल्या जादा रकमेतून बाबांचे पैसे बाबांना देणार का. दोन्ही हो आल्याशिवाय बाबांनी कागदावर सही करू नये.

विभागाला आजच ईमेलने निवेदन दे, त्यात शेवटच्या नोटीसची प्रत जोड आणि 7 दिवसांची मुदत लिही. माहितीच्या अधिकारात फाइल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला गेली एवढंच विचार, महाराष्ट्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून इंग्लंडमध्ये बसूनही करता येतं, पण त्याला 30 दिवस आहेत, तुझ्याकडे तेवढे नाहीत, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नको. 7 दिवसांत हललं नाही तर मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट याचिका. मंजुरीचा आदेश हातात आहे आणि त्यावर विसंबून तू देश सोडून शिकायला गेलीस, पहिला हप्ता त्यांनीच दिलाय, हा मुद्दा कोर्टापुढे चांगला उभा राहतो, आणि 31 मार्च ही तारीख तातडीने ऐकून घ्यायला पुरेशी आहे. बाबांच्या नावाने मुखत्यारपत्र भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून पाठव, मूळ प्रत महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा असतो, ते बाबांना सांगून ठेव. अपॉइंटमेंटला वेळ लागतो म्हणून ती आजच घे, रिट करायची वेळ येवो न येवो.