न्याय्य युद्ध: सगळे निकष पाठ करण्याआधी
युद्ध न्याय्य कधी ठरतं याच्या निकषांची यादी घोकत बसू नका. आधी दोन प्रश्न वेगळे ठेवा: युद्धात उतरणं योग्य होतं का, आणि लढताना वागणं योग्य होतं का? जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर घ्या, फेब्रुवारी 1945. नाझी आक्रमणाविरुद्ध दोस्त राष्ट्रांचं कारण न्याय्य होतं. पण म्हणून भरवस्तीवर आगलावे बॉम्ब टाकणं माफ होत नाही.

नवखे हमखास अडखळतात ते दुसऱ्या प्रश्नातल्या प्रमाणबद्धतेपाशी. दोन्हीकडचे मृत मोजून ती ठरत नाही. हल्ल्यातून अपेक्षित लष्करी फायदा एका पारड्यात, नागरिकांची अपेक्षित हानी दुसऱ्यात. तेही हल्ल्याआधी जे कळू शकत होतं त्यावरून. नागरिकच लक्ष्य असतील तर मात्र तराजू काढूच नका, सैनिक आणि नागरिक यांच्यात भेद करण्याचा निकष तिथेच मोडलेला असतो. युद्ध हा अंतिम उपाय होता का, यशाची शक्यता होती का, हे निकष पहिल्या प्रश्नातले. ते नंतर बघा.