शाळेत कपबश्या कोण विसळतं?

प्रश्न: शाळेतला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणजे नेमकं काय? मुलांवर त्याचा खरंच परिणाम होतो का? आणि पालक म्हणून तो ओळखायचा कसा?

व्याख्या डी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात सापडेल, म्हणून थोडक्यात उरकते. फिलिप जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ मध्ये हा शब्द रूढ केला. वर्गात मागे बसून त्याने पाहिलं की मुलं दिवसभर तीन गोष्टी शिकतात: गर्दीत आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, चारचौघांत आपलं माप काढून घ्यायचं आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याची मर्जी सांभाळायची. यांतलं काहीच वेळापत्रकात नसतं.

आता मी का लिहितेय ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्यासारख्या बहुतेक शाळांना शिपाई नसतो, त्यामुळे झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं, खडू आणणं, पाहुणे आले की चहा, ही सगळी कामं मुलं करतात. पाचवी ते सातवीला कोणतं काम कोणाला सांगितलं जातं, याचा मी एकदा आठवडाभर वहीत तक्ता ठेवला. बाजूच्या उभ्या ओळीत काम, समोर मुलाचं नाव, शेवटी काम सांगणारे सर की बाई. विचार करून लिहायचं नाही, काम सांगितलं की लगेच नोंद करायची.

घंटा, माईक, झेरॉक्सला रस्ता ओलांडून जाणं, मैदानावर फक्की मारणं, सगळी मुलांची नावं. वर्ग झाडणं, सडा-रांगोळी, चहा, कपबश्या, सगळ्या मुलींची. हे अपेक्षित होतं. मला हादरवलं ते मुलींच्या रकान्याने. ट्रे घेऊन ऑफिसात जाणाऱ्या मुली ठरलेल्या होत्या आणि मागे नळावर कप विसळणाऱ्या दुसऱ्याच होत्या. त्यांची अदलाबदल एकदाही झाली नव्हती. पिण्याच्या पाण्याचा माठ काही ठरावीक घरांतलीच मुलं भरत होती, आणि संडासाला पाणी टाकायला पाठवलेली मुलं कोणत्या वस्तीतली होती हे इथे लिहायची गरज नाही, वाचणाऱ्यांना कळलं असेल. कोणीही जात विचारून काम सांगत नव्हतं. निवड करताना एकच शब्द यायचा, “जरा नीटनेटकी आहे तिला पाठवा.” नीटनेटकी म्हणजे इस्त्रीचा गणवेश, तेल लावून दोन वेण्या आणि प्रमाण भाषेत “सर, चहा घ्या” म्हणता येणारी.

या ‘नीटनेटकी’चं दुसरं टोक गणवेशात आहे. मोफत गणवेश कित्येक वर्षं सगळ्या मुलींना मिळायचा, मुलग्यांत मात्र फक्त अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्यांना. राज्याने २०२३ मध्ये तो उरलेल्या मुलग्यांनाही लागू केला. तोवर दरवर्षी वर्गात यादी वाचली जायची आणि नाव आलेल्यांनी उभं राहायचं. सातवीतल्या पोराला बाजूच्या बाकावरच्याचा प्रवर्ग असाच पाठ व्हायचा. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या वेळी अजूनही अनेक ठिकाणी हेच होतं. यादी ऑफिसात बोलावून एकेकाला सांगता येते, त्याला पाच मिनिटं जास्त लागतात एवढंच.

तक्ता मी आमच्या मुख्याध्यापकांना दाखवला. ते म्हणाले, “बाई, ही श्रमप्रतिष्ठा आहे. आणि मुलींना आवड असते या कामांची.”

मी वर्गात पाळी लावली. हजेरीच्या क्रमाने लावायची नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण आमच्या हजेरीपटावर आधी सगळे मुलगे आणि नंतर मुली अशी नावं असतात. त्या क्रमाने गेलं तर एक पूर्ण गट मुलांचा आणि एक मुलींचा, म्हणजे पुन्हा तेच. एका डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात कामांच्या, सोमवारी दोन्हींतून एकेक काढायची.

मुलांनी विरोध केला नाही. अडचण मुलींची झाली. एका मुलाच्या चिठ्ठीत कपबश्या आल्या, तो नळावर गेला, आणि वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी धावत जाऊन त्याच्या हातातला कप घेत म्हणाली, “राहू दे, तुला नाही जमायचं, सरांना डाग दिसतील.” तिला कोणीही सांगितलं नव्हतं. परिणाम होतो का, असं तुम्ही विचारलंय ना, त्याचं उत्तर हे आहे. दुसरीच्या २०१९ च्या बालभारतीत आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते. चित्र चांगलंच आहे. पण पुस्तक बंद झाल्यावर नळावर कोण उभं आहे हे मूल रोज पाहतं, आणि तेच शिकतं.

दुसऱ्या आठवड्यात एक वडील आले. गावात वजन असलेले. “बाई, आमचा पोरगा कपबश्या विसळायला शाळेत येतो का?” मी विचारलं, मग तुमच्याच घरची पोरगी गेल्या वर्षी रोज विसळत होती तेव्हा का नाही आलात? (सख्खी पुतणी त्यांची.) ते मुख्याध्यापकांकडे गेले आणि चिठ्ठ्यांचा डबा महिन्याभरात बंद झाला. कारण दिलं, ‘शिस्त बिघडते’.

शिस्तीवरचं माझं मत स्पष्ट आहे. ज्या नियमाचं कारण मुलाने विचारलं तर सांगता येतं, ती शिस्त. रांगेत उभं राहा, कारण एकच नळ आहे. ‘का’ विचारल्याबद्दलच शिक्षा होत असेल तर तो आज्ञाधारकपणाचा धडा आहे. फळ्यावर मॉनिटरने लिहिलेली ‘बोलणाऱ्यांची नावं’ बघा. कोण काय बोलत होतं हे न विचारता पट्टी मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, पण ही पद्धत चालूच आहे.

ओळखायचं कसं? मुलाला “आज काय शिकवलं” विचारू नका. आज वर्गाबाहेर कोणाला पाठवलं, घंटा कोण देतं, पाहुण्यांना ओवाळायला कोण उभं होतं, कोणाला आडनावाने हाक मारतात आणि कोणाला नावाने, हे विचारा. आठ-दहा दिवस तीच नावं आली की समजा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांचं मला आतून माहीत नाही. तिथे कामं शिपाई-मावशी करतात, तेव्हा वाढदिवसाची चॉकलेटं, सहलीची फी आणि स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत कोण, हे बघावं लागेल. आणि शिक्षक मुद्दाम करतात असं समजून भांडायला जाऊ नका. आमच्याकडचे बहुतेकजण घाईत, समोर दिसेल त्याला काम सांगतात.

पाल्य सरकारी शाळेत असेल तर विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. मासिक सभेत कामांच्या पाळीचा तक्ता मागा. आमचे मुख्याध्यापक म्हणाले होते, सभेत असले विषय घेत नाहीत. घेता येतात. विषयपत्रिकेवर येत नसेल तर आयत्या वेळच्या विषयात घ्या, इतिवृत्तात लिहायला लावा आणि लिहिलेलं वाचूनच सही करा. त्या सभेचा चहा कोणी केला, तेही त्याच सभेत विचारा.