फॅन ट्रॅप काढायला गेलं की कॅझम ट्रॅप कसा शिरतो

प्रश्न: ईआर डायग्राममधला फॅन ट्रॅप आणि कॅझम ट्रॅप यांत नेमका फरक काय? आकृती बघून ओळखायचे कसे?

उत्तर: फॅन ट्रॅपमध्ये वाट असते, पण ती एकाच ठिकाणी नेत नाही. कॅझम ट्रॅपमध्ये वाट मध्येच तुटते. दोन्ही एकाच उदाहरणात दिसतात.

समजा, एका झोनमध्ये अनेक गोदामं आहेत आणि त्याच झोनमध्ये अनेक ड्रायव्हर आहेत. आकृतीत झोन मधोमध येतो आणि त्यातून दोन्हीकडे एकास-अनेक रेषा निघतात. आता विचारा, ड्रायव्हर ड२ कोणत्या गोदामाचा? ड२ वरून झोन झ१ ला पोचता आणि तिथून ग१, ग२ अशी दोन्ही गोदामं हाती येतात. हा फॅन ट्रॅप. दोन गोदामं आणि तीन ड्रायव्हर असले तर जॉइनमधून सहा ओळी येतात, आणि कुणी `COUNT(*)` केलं की ड्रायव्हर सहा दिसतात.

म्हणून खूण अशी: एका एंटिटीतून दोन ‘अनेक’ टोकं बाहेर पडत असतील तर थांबायचं. पण असा आकार म्हणजे ट्रॅपच असं नाही. त्या दोन टोकांमधला संबंध कुणी विचारणारच नसेल, तर आकृती आहे तशी ठीक आहे.

इथे तो विचारला जातो, म्हणून रचना बदलून झोन → गोदाम → ड्रायव्हर अशी साखळी करू. फॅन ट्रॅप गेला. पण राखीव ड्रायव्हरला गोदामच नेमून दिलेलं नसतं. गोदामाशी त्याचं नातं ऐच्छिक असल्यामुळे तो कोणत्या झोनचा हे आता सांगताच येत नाही. हा कॅझम ट्रॅप. साखळीतल्या प्रत्येक रेषेवर किमान संख्या वाचायची. कुठे शून्य दिसलं की तिथे वाट तुटू शकते.

उपाय म्हणजे झोन-ड्रायव्हर ही थेट रेषाही ठेवायची. मात्र मग ड्रायव्हरचा झोन एक आणि त्याच्या गोदामाचा झोन दुसरा, अशी विसंगती घुसू शकते. ती ड्रायव्हर टेबलमधल्या जोड फॉरेन कीने अडवता येते:

```sql
FOREIGN KEY (zone_id, wh_id)
  REFERENCES warehouse (zone_id, wh_id)
```

यासाठी `warehouse` वर या जोडीचं `UNIQUE` बंधन लागतं, आणि ड्रायव्हरमधला `zone_id` `NOT NULL` हवा. `wh_id` रिकामा असेल तर ही तपासणी होत नाही, आणि राखीव ड्रायव्हरसाठी आपल्याला तेच हवं आहे. झोन मात्र खरा असावा म्हणून `zone_id` वर वेगळी फॉरेन कीही द्या.

नुसत्या चौकोनांकडे बघून यातलं बरंच निसटतं. कागदावर झ१, ग१, ग२, ड१, ड२ असे ठिपके मांडून रेषा जोडा, आणि त्यात एक राखीव ड्रायव्हर मुद्दाम घ्या. एका ठिपक्यावरून दोन उत्तरं आली तर फॅन, एकही आलं नाही तर कॅझम.

जाता जाता, काही रिपोर्टिंग टूलमध्ये हीच नावं वेगळ्या अर्थाने येतात. तिथे मधल्या एका टेबलातून दोन्हीकडे ‘अनेक’ जाणाऱ्या जॉइनलाच कॅझम म्हणतात, त्यामुळे त्यांचे लेख वाचताना गोंधळ होतो.